‘करण्यात येईल’, पण करणार कोण? अनुदान प्रस्तावाचा सारांश नेटका करण्याची रीत

छोट्या संस्थांचे अनुदान प्रस्ताव माझ्याकडे ‘जरा भाषा बघून द्या’ म्हणून येतात. बहुतेकांचे आतले काम चांगले असते, पण पहिल्याच पानावरचा सारांश वाचून ते कळत नाही. संस्थेतल्या लोकांनाही हे जाणवलेले असते, म्हणून ते तो परिच्छेद पुन्हा पुन्हा दुरुस्त करतात. चूक होते ती दुरुस्तीच्या क्रमात. ते आधी शब्द बदलतात, ‘सदर’च्या जागी ‘हा’ आणि ‘करण्यात येईल’च्या जागी ‘करू’ घालतात. परिच्छेद थोडा हलका होतो, पण कोण, किती आणि कधीपर्यंत हे पहिल्याइतकेच धूसर राहते.

‘करण्यात येईल’ ही पुष्कळदा भाषेची सवय नसतेच. ते काम कोण करणार हे ठरलेले नसते, आणि ते न ठरल्याचे झाकायला हे क्रियापद फार सोयीचे पडते. म्हणून आधी ठरवायचे आणि मग लिहायचे. पुढचे टप्पे त्याच क्रमाने आहेत. मधला एखादा गाळलात तर शेवटी परत त्यावर यावे लागते.

हा नमुना घेऊ. परिच्छेद आणि त्यातले आकडे या लेखासाठी रचले आहेत, पण यातले प्रत्येक वाक्य मी कुठल्या ना कुठल्या प्रस्तावात वाचलेले आहे.

> आमची संस्था ही गेली अनेक वर्षे दिव्यांग व्यक्तींच्या सर्वांगीण विकासासाठी व सक्षमीकरणासाठी कटिबद्ध असून संस्थेच्या माध्यमातून विविध उपक्रम राबवण्यात येत असतात. व्हीलचेअर वापरणाऱ्या व्यक्तींना खुर्ची नादुरुस्त झाल्यास अनेक समस्यांना सामोरे जावे लागते ही बाब निदर्शनास आलेली आहे. सदर बाब विचारात घेऊन प्रस्तुत प्रकल्पांतर्गत फिरत्या दुरुस्ती सेवेची सुरुवात करण्यात येणार असून त्याद्वारे मोठ्या प्रमाणावर खुर्च्यांच्या दुरुस्तीचे कार्य घरपोच स्वरूपात करण्यात येईल. तसेच वापरकर्ते व त्यांच्या कुटुंबीयांना देखभालीबाबत प्रशिक्षण देण्यात येईल व त्यांच्यामध्ये जागृती निर्माण करण्यात येईल. यामुळे दिव्यांग व्यक्तींच्या जीवनमानात लक्षणीय सुधारणा घडून येईल व त्या समाजाच्या मुख्य प्रवाहात सामील होतील असा विश्वास वाटतो. तरी या उदात्त कार्यासाठी आपल्या मान्यवर संस्थेकडून आर्थिक सहकार्य प्राप्त व्हावे ही नम्र विनंती.

एकूण १०७ शब्द झाले. अर्जात १०० शब्दांची मर्यादा आहे असे धरू.

## तयारी: लिहायला बसण्याआधी

सारांश अर्जात सगळ्यात वर असतो, म्हणून तो आधी लिहायचा असे नाही. प्रस्तावाचा मुख्य भाग आणि अंदाजपत्रक पक्के झाल्यावरच त्याला हात घाला. अंदाजपत्रक हलत असेल तर सारांशातला प्रत्येक आकडा हलतो, आणि जुना आकडा कुठेतरी राहून जातो.

समोर चार कागद हवेत: अर्जातला सारांशाचा नेमका प्रश्न आणि त्याची मर्यादा, अंतिम अंदाजपत्रक, कामाचे महिनावार वेळापत्रक आणि गरजेचे आकडे जिथून घेतले ती नोंदवही किंवा पाहणी. यांच्या जोडीला प्रत्यक्ष काम करणारा एक माणूस फोनवर मिळायला हवा. प्रस्ताव लिहिणारा आणि खुर्ची उघडून बसणारा हे सहसा वेगळे असतात, आणि खरी उत्तरे दुसऱ्याकडे असतात.

तपासणी: मर्यादा शब्दांची आहे की अक्षरांची, हे आधी पाहा. अक्षरांची असेल तर देवनागरीत फसगत होते. ‘क्षेत्र’ हा शब्द डोळ्यांना दोन अक्षरांचा दिसतो, पण संगणक त्यात क, हलन्त, ष, मात्रा, त, हलन्त, र असे सात घटक मोजतो. हजार अक्षरांची चौकट म्हणजे तुम्हाला वाटते त्यापेक्षा बरीच कमी जागा असते. मजकूर युनिकोडमध्येच टाइप केलेला असावा. जुन्या फॉन्टमधला मजकूर अर्जाच्या चौकटीत चिकटवला की त्याचा चक्काचूर होतो, आणि पुढच्या टप्प्यातला शोधही त्यावर चालत नाही.

## टप्पा १: ‘ण्यात’ शोधा

फाईल उघडा, `Ctrl+F` दाबा आणि `ण्यात` एवढेच टाइप करा. करण्यात, देण्यात, राबवण्यात, घेण्यात हे सगळे एका झटक्यात उजळतात. आपल्या नमुन्यात पाच सापडतात. एखादा ‘पाण्यात’ किंवा ‘समजण्यात चूक झाली’ यातला ‘समजण्यात’ही सापडेल, तो सोडून द्या.

मग `जाईल`, `जातील`, `द्वारे` आणि `माध्यमातून` शोधा. ‘मुले बागेत जातील’ यातले जातील चालते, ‘खुर्च्या दुरुस्त केल्या जातील’ यातले नाही.

शोधाच्या जाळ्यातून निसटणारी एक जात आहे, ती डोळ्यांनीच पकडावी लागते. ‘बाब निदर्शनास आलेली आहे’, ‘सुधारणा घडून येईल’, ‘विश्वास वाटतो’, ‘सहकार्य प्राप्त व्हावे’. यांत ‘ण्यात’ नाही, पण करणाराही नाही. निदर्शनास कोणाच्या आली? विश्वास कोणाला वाटतो? या टप्प्यावर यांना फक्त रंग द्या, बदलू नका.

सावधान: इथे व्याकरणाचे पुस्तक उघडून ‘कर्मणी प्रयोग काढून टाका’ असा नियम करू नका. ‘आम्ही खुर्च्या दुरुस्त केल्या’ हे वाक्यही व्याकरणाने कर्मणीच आहे, कारण क्रियापद खुर्च्यांप्रमाणे चालते. मराठीत भूतकाळातली अशी अर्धीअधिक वाक्ये तशीच असतात, आणि त्यांत काहीही बिघडलेले नाही. करणारा वाक्यात हजर आहे का, एवढेच पाहायचे. मी एका ताईंना नुसते ‘कर्मणी टाळा’ असे सांगून बसलो होतो. त्यांनी मागच्या वर्षीच्या कामाची सगळी चांगली वाक्ये मोडून वर्तमानकाळात आणली, आणि ‘आम्ही शिबिर घेतो’ वाचून शिबिर झाले की व्हायचे आहे तेच कळेना.

## टप्पा २: प्रत्येक खुणेला ‘कोण?’ विचारा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. कोऱ्या कागदावर डावीकडे रंगवलेले क्रियापद लिहा आणि उजवीकडे ते काम करणाऱ्याचे नाव किंवा पद. ‘संस्था’ हे उत्तर शेवटचा उपाय म्हणून ठेवा. आधी माणूस शोधा.

आपल्या नमुन्यात ‘दुरुस्तीचे कार्य करण्यात येईल’ यासमोर काय लिहाल? अंदाजपत्रक उघडले तर एका तंत्रज्ञाचे १२ महिन्यांचे मानधन दिसते. कामाच्या वेळापत्रकात मात्र ‘स्वयंसेवकांच्या मदतीने दुरुस्ती’ असे लिहिले आहे. फोन लावल्यावर कळते की स्वयंसेवकांचा विचार आधी होता, पण ब्रेक आणि चाकांचे काम शिकलेल्या हातानेच व्हावे म्हणून तो सोडून दिला. वेळापत्रक बदलायचे राहून गेले. ‘करण्यात येईल’ने ही विसंगती छान झाकली होती. निवड समितीतल्या ज्या सदस्याने दोन्ही पाने वाचली असती, त्याला ती सापडली असती.

दुसरी ओळ प्रशिक्षणाची. ‘प्रशिक्षण देण्यात येईल’ म्हणजे कोण देणार? अंदाजपत्रकात प्रशिक्षकाची ओळच नाही. पुन्हा फोन. उत्तर येते की तोच तंत्रज्ञ दुरुस्तीला जाईल तेव्हा घरच्यांना शिकवेल, शिवाय ज्यांची खुर्ची बिघडलेली नाही अशा काही घरीही जाईल. किती घरी? ‘चाळीस धरा.’ हा आकडा प्रस्तावात कुठेच नव्हता. मुख्य भागात ‘१२० गृहभेटी’ असे लिहिले होते आणि अंदाजपत्रकात सुटे भाग ८० दुरुस्त्यांचे. आता उलगडा झाला: ८० भेटी दुरुस्तीच्या, ४० शिकवण्याच्या. सारांश लिहिणाऱ्याने १२० हा आकडा उचलून ‘१२० खुर्च्या दुरुस्त करू’ असे लिहिले असते, तर चाळीस दुरुस्त्यांचे सुटे भाग आणायचे कुठून, हा प्रश्न वर्षाच्या शेवटी उभा राहिला असता.

तिसरी ओळ ‘जागृती निर्माण करण्यात येईल’ची. समोर काहीच लिहिता येईना. फोनवरचा माणूसही म्हणाला, ‘ते आपले असंच असतं ना.’ ज्याला करणारा नाही आणि पैसाही ठेवलेला नाही, ते वाक्य कापायचे. शब्द सुधारून ते वाचवू नका.

तपासणी: कागदाच्या उजव्या रकान्यात रिकामी जागा राहिली असेल तर पुढे जाऊ नका. एकतर माणूस ठरवा, नाहीतर ते काम सारांशातून आणि प्रस्तावातूनही काढा.

करणारा नाही म्हणून प्रत्येक वाक्य वाईट असे मात्र नव्हे. ‘५४ जणांच्या खुर्च्या बिघडल्या’ यात बिघडवणारा शोधायची गरज नाही. ‘संस्थेची नोंदणी झाली’ हेही ठीक आहे. जे काम करायला तुम्ही पैसे मागत आहात, त्या कामाच्या वाक्यात करणारा हवाच.

## टप्पा ३: नामात अडकलेले क्रियापद सोडवा

करणारा सापडला की वाक्यातले खरे क्रियापद शोधा. सरकारी पत्रांच्या वळणाने आपण क्रियापदाचे नाम करतो आणि मग त्याला ‘करणे’चे शेपूट लावतो. दुरुस्त करू, त्याऐवजी दुरुस्तीचे कार्य करू. शिकवू, त्याऐवजी प्रशिक्षण देण्याचे काम करू. सुरू करू, त्याऐवजी सुरुवात करण्यात येईल.

नमुन्यातले तिसरे वाक्य जवळून पाहू. ‘सदर बाब विचारात घेऊन’ हे सुरुवातीचे चार शब्द लगेच जातात, कारण बाब विचारात घेतल्याशिवाय कोणी प्रस्ताव लिहीत नाही. उरतात १९ शब्द:

> प्रस्तुत प्रकल्पांतर्गत फिरत्या दुरुस्ती सेवेची सुरुवात करण्यात येणार असून त्याद्वारे मोठ्या प्रमाणावर खुर्च्यांच्या दुरुस्तीचे कार्य घरपोच स्वरूपात करण्यात येईल.

नुसता कर्ता घातला तर असे होते:

> आमचा तंत्रज्ञ फिरत्या दुरुस्ती सेवेची सुरुवात करेल व त्याद्वारे मोठ्या प्रमाणावर खुर्च्यांच्या दुरुस्तीचे कार्य घरपोच स्वरूपात करेल.

पुष्कळ जण इथे थांबतात. करणारा आला, पण वाक्य अजून जड आहे. आता नामे सोडवा. ‘सेवेची सुरुवात’ आणि ‘दुरुस्तीचे कार्य’ ही दोन कामे नाहीत, एकच आहे. ‘घरपोच स्वरूपात’ म्हणजे घरी जाऊन.

> आमचा तंत्रज्ञ घरोघरी जाऊन मोठ्या प्रमाणावर खुर्च्या दुरुस्त करेल.

हे वाक्य आता तोंडाने म्हणता येते. ‘मोठ्या प्रमाणावर’ अजून बसलेले आहे, त्याचा समाचार पुढच्या टप्प्यात.

मराठीची एक सोय इथे वापरा. ‘शिकवू’, ‘मोजू’, ‘आणू’ या रूपांतच ‘आम्ही’ आहे, त्यामुळे प्रत्येक वाक्य ‘आम्ही’ने सुरू करावे लागत नाही. पहिल्या वाक्यात एकदा आम्ही आले की पुढे क्रियापद ते सांभाळते. मात्र अर्जात ‘संस्थेचे नाव वापरून तृतीय पुरुषात लिहा’ अशी सूचना असेल तर शेवटपर्यंत ‘संस्था करेल’ असेच चालवा. एका वाक्यात ‘आम्ही’ आणि पुढच्यात ‘संस्था’ आले की वाचणाऱ्याला दोन वेगळे पक्ष वाटतात, विशेषतः सोबत भागीदार संस्था असेल तेव्हा.

सावधान: कर्ता बदलताना वचन बदलत नाही ना, पाहा. ‘देखभालीचे प्रशिक्षण देण्यात येईल’चे ‘कुटुंबीय स्वतः ब्रेक घट्ट करतील’ असे करू नका. वाक्य ठसठशीत होते खरे, पण तुम्ही आता दुसऱ्याच्या हातातले काम कबूल करून बसलात. शिकवणे तुमच्या हातात आहे. पुढे ते करतात का, हे मोजता येईल, पण त्याची हमी देता येणार नाही.

## टप्पा ४: विशेषणाच्या जागी आकडा, नाहीतर काहीच नाही

‘अनेक’, ‘विविध’, ‘मोठ्या प्रमाणावर’, ‘लक्षणीय’, ‘सर्वांगीण’. या प्रत्येक शब्दाच्या मागे एक न सांगितलेला आकडा असतो. तो समोरच्या चार कागदांत सापडला तर लिहा, सापडला नाही तर शब्द कापा. विशेषणाच्या जागी दुसरे विशेषण घालून काही मिळत नाही.

‘गेली अनेक वर्षे’ म्हणजे नोंदवहीनुसार ६. ‘अनेक समस्या’ म्हणजे काय, ते नोंदवहीतच होते: संस्थेकडे व्हीलचेअर वापरणाऱ्या ९० जणांची नोंद आहे, गेल्या वर्षी त्यांपैकी ५४ जणांच्या खुर्च्या बिघडल्या, दुरुस्तीसाठी सरासरी २६ दिवस गेले, आणि ३१ जण तेवढे दिवस घरातच राहिले. एवढे असताना ‘समस्यांना सामोरे जावे लागते’ असे लिहिणे म्हणजे हातात पत्ता असून फिरत राहणे. ‘मोठ्या प्रमाणावर’ म्हणजे ८०. तिसरे वाक्य आता पूर्ण होते:

> आमचा तंत्रज्ञ सुटे भाग घेऊन घरोघरी जाईल आणि १२ महिन्यांत ८० दुरुस्त्या करेल.

तेरा शब्द. ‘सुटे भाग घेऊन’ मुद्दाम ठेवले. २६ दिवसांमधले बरेच दिवस सुटा भाग मिळण्याची वाट पाहण्यात जातात, म्हणून भाग सोबत असणे हीच या सेवेची खरी चावी आहे. कापायच्या भरात असे शब्द जातात. उपाय का चालेल ते सांगणारे दोन-तीन शब्द नेहमी वाचवा.

उरते ते ‘जीवनमानात लक्षणीय सुधारणा’ आणि ‘मुख्य प्रवाहात सामील’. इथे केलेले काम आणि झालेला बदल यांची गल्लत होते. ८० दुरुस्त्या हे काम. त्यामुळे माणसाच्या बाबतीत काय बदलले, तो परिणाम. जीवनमान एका वर्षात एका तंत्रज्ञाला मोजता येणार नाही. पण थांबण्याचे दिवस मोजता येतात, कारण तक्रार कधी आली आणि खुर्ची कधी चालू झाली या दोन तारखा नोंदवहीत आधीपासून आहेत. म्हणून वचन एवढेच: २६ दिवसांवरून ७ दिवसांवर. ७ का, हेही विचारून घ्या. तंत्रज्ञ प्रत्येक भागात आठवड्यातून एकदा जाणार असेल तर ७ ला आधार आहे. ‘२ दिवसांत’ लिहिले असते तर वाचायला छान वाटले असते, पण वर्षाअखेरच्या अहवालात खाली मान घालावी लागली असती.

तपासणी: प्रत्येक आकड्याखाली पेन्सिलीने त्याचे मूळ लिहा: नोंदवही, अंदाजपत्रक, वेळापत्रक. मूळ लिहिता आले नाही तो आकडा खोडा.

## टप्पा ५: वाक्यांचा क्रम

हे झटपट होते. वाचणाऱ्याला ज्या क्रमाने प्रश्न पडतात तो क्रम ठेवा: कोणाची काय अडचण आहे, तुम्ही काय करणार, त्याने काय बदलेल आणि ते कसे कळेल, किती पैसे हवेत आणि कशाला. संस्थेची ओळख पहिल्या वाक्यात चालते, पण ती अडचणीकडे घेऊन जात असेल तरच. ‘कटिबद्ध असून’ कुठेच नेत नाही. ‘९० जणांसोबत काम करतो’ हे लगेच पुढच्या ५४ कडे नेते.

मागणीची रक्कम सारांशात हवीच. संकोचाने ती गाळून ‘आर्थिक सहकार्य’ लिहिणाऱ्या संस्था मला दर हंगामात भेटतात. समितीला तो आकडा शोधायला अंदाजपत्रकापर्यंत जावे लागू नये. स्वतःकडचे काय घालणार आहात, तेही त्याच वाक्यात सांगा.

## टप्पा ६: जुळवा, मग कात्री लावा

आता सगळे एकत्र लिहून काढा. जुन्या परिच्छेदावर खाडाखोड करत बसू नका, कोऱ्या पानावर लिहा. खाडाखोड केली की जुन्या वाक्यांचे ‘असून’ आणि ‘तसेच’ मागे राहतात.

> आम्ही ६ वर्षांपासून व्हीलचेअर वापरणाऱ्या ९० जणांसोबत काम करतो; त्यांपैकी ५४ जणांच्या खुर्च्या गेल्या वर्षी बिघडल्या. दुरुस्तीसाठी ते सरासरी २६ दिवस थांबले आणि ३१ जण तेवढे दिवस घराबाहेर पडू शकले नाहीत. आमचा तंत्रज्ञ सुटे भाग घेऊन घरोघरी जाईल आणि १२ महिन्यांत ८० दुरुस्त्या करेल. ४० घरांत तो ब्रेक, टायर आणि पुढच्या छोट्या चाकांची देखभालही शिकवेल. दुरुस्तीची वाट पाहण्याचा सरासरी काळ आम्ही २६ दिवसांवरून ७ दिवसांवर आणू. तक्रारीची आणि दुरुस्तीची तारीख नोंदवून तो मोजू. तंत्रज्ञाचे मानधन, सुटे भाग आणि इंधन यांसाठी आम्ही ४ लाख ८० हजार मागत आहोत. गाडी आणि हत्यारे संस्थेची आहेत.

शब्द ९२. म्हणजे १०७ मधून फक्त १५ कमी झाले. हे पाहून काही जण हिरमुसतात, इतका खटाटोप करून एवढेच? पण जुन्या परिच्छेदात एकही आकडा नव्हता. शब्द कमी करणे हे उद्दिष्ट धरले असते तर ६० शब्दांतही तीच धूसर गोष्ट सांगता आली असती. मोकळी झालेली जागा आकड्यांनी आणि कारणांनी भरली आहे.

कात्री लावताना एक मोह टाळा. ‘३१ जण तेवढे दिवस घराबाहेर पडू शकले नाहीत’ हा तुकडा मर्यादेत बसत असूनही कोणीतरी कापायला सांगतो, ‘२६ दिवस लिहिले ना, झाले.’ झाले नाही. २६ दिवस हा आकडा आहे, आणि त्या दिवसांत काय झाले हे त्या तुकड्यातच आहे. कापायचेच असेल तर ‘तो मोजू’चे वाक्य मुख्य भागात हलवा, तेही अर्जात मोजमापाचा वेगळा प्रश्न असेल तर.

एकाच गोष्टीला एकच नाव ठेवा. जुन्या परिच्छेदात तीच माणसे ‘दिव्यांग व्यक्ती’, ‘व्हीलचेअर वापरणाऱ्या व्यक्ती’ आणि ‘वापरकर्ते’ अशा तीन नावांनी आली होती. शाळेत निबंधात पुनरुक्ती टाळायला शिकवतात, पण इथे ती सवय घात करते. नाव बदलले की वाचणाऱ्याला वाटते गट बदलला.

## टप्पा ७: ताडून पाहा, मग परक्याला द्या

नव्या परिच्छेदातला प्रत्येक आकडा अंदाजपत्रकाच्या आणि मुख्य भागाच्या शेजारी ठेवून बोटाने वाचा. आपल्या नमुन्यात दोन जागा दुरुस्त कराव्या लागतात: वेळापत्रकातले ‘स्वयंसेवकांच्या मदतीने’ काढायचे, आणि ‘१२० गृहभेटी’पुढे ‘८० दुरुस्तीच्या, ४० देखभाल शिकवण्याच्या’ असे जोडायचे. सारांश सुधारला आणि आतले पान तसेच राहिले, तर आता ती चूक पहिल्यापेक्षा जास्त ठळक दिसेल, कारण सारांश स्पष्ट झाला आहे.

मग परिच्छेद मोठ्याने वाचा. जिथे श्वास पुरत नाही तिथे वाक्य तोडा. त्यानंतर संस्थेशी संबंध नसलेल्या एका माणसाला एकदाच वाचायला द्या, कागद परत घ्या आणि तीन गोष्टी विचारा: काम कोण करणार? किती करणार? पैसे किती आणि कशाला? यापैकी एखादे उत्तर अडखळले तर दोष वाचणाऱ्याचा नाही. ‘छान आहे’ हे उत्तर मोजू नका. आपल्या माणसांना देऊ नका, कारण ते न लिहिलेलेही मनातून भरून वाचतात.

शेवटी अर्जाच्या चौकटीत मजकूर चिकटवा आणि जतन करून पुन्हा उघडा. काही चौकटी मर्यादेबाहेरचा मजकूर काही न बोलता कापतात, आणि सारांशाचा शेवट म्हणजे नेमकी रकमेची ओळ असते. आकडे देवनागरीत दिसतात की नाही, अर्धविरामांच्या जागी चौकोन तर आले नाहीत ना, तेही तिथेच पाहा.

कापलेली वाक्ये एका वेगळ्या फाईलमध्ये ठेवा. संस्थेच्या सचिवांना ‘नम्र विनंती’ गेल्याचे वाईट वाटणार, हे मी आता गृहीतच धरतो. ती सोबतच्या पत्रात शेवटच्या ओळीत घाला, तिथे ती शोभून दिसते.